दिवाणखान्यासाठी रात्रीची दहा मिनिटे

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्याकडे चार दिवस राहिले, तेव्हा समईचा कोपरा आणि खणाचे अभ्रे घातलेल्या उशा पाहून फार समाधान वाटले. पण रविवारची सारी सकाळ तू तोच दिवाणखाना आवरण्यात घालवलीस, याचे वाईटही वाटले. म्हणून आपल्या घरी मी पाळत आलेली पद्धत लिहून कळवते.

रात्रीची जेवणे झाली की मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लाव, रिकामी टोपली घे आणि दारापासून सुरुवात करून भिंतीच्या कडेने एकाच दिशेने फिर. ज्या वस्तूची जागा याच खोलीत आहे ती तिथल्या तिथे ठेव आणि बाकीच्या टोपलीत टाक. मात्र त्या पोचवायला लगेच आत जाऊ नकोस, कारण आत गेले की तिथला पसारा दिसतो, हात त्यालाच लागतो आणि दिवाणखाना तसाच राहतो. यात सहा मिनिटे जातात. मग टीपॉय मोकळा करून त्यावर फक्त तबक ठेव, कारण भरलेल्या टीपॉयवर आणखी एक कप राहिला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. उशा कडांना धरून दोनदा हलकेच आपटल्या की दबलेला कापूस फुगतो. चेनची बाजू खाली करून त्या लाव. शेवटच्या दोन मिनिटांत टोपली मधोमध ठेवून प्रत्येकाने आपापल्या वस्तू न्याव्यात. या वेळात केरसुणी किंवा फडके हाती घेऊ नकोस. ते काम सकाळचे.

टोपलीत रोज काय सापडते, याकडे मात्र लक्ष दे. तुझ्याकडे चारही रात्री चिरंजीवांचे दप्तर सोफ्यावरच होते. तो आळशी नाही. दप्तराची खुंटी आतल्या खोलीत, दाराच्या मागे आणि त्याच्या हाताच्या वर आहे, आणि शाळेतून दमून आलेल्या मुलाला सोफा आधी लागतो. चपलांच्या कपाटाशेजारी, जमिनीपासून सुमारे 3 फुटांवर, एक भक्कम खुंटी ठोकून घे. तुझ्या बाबांचा चष्माही असाच रोज टोपलीत येई. त्यांच्या खुर्चीपाशी लाकडी डबी ठेवली, तेव्हा तो येणे थांबले.

सलग आठवडाभर दहा मिनिटे पुरली नाहीत, तर शोभेच्या निम्म्या वस्तू ट्रंकेत ठेव आणि दिवाळीला अदलाबदल कर. शाळेचा अर्धवट प्रकल्प मोडू नकोस. पाटावर उचलून जसाच्या तसा बाजूला ठेव. कोणी आजारी असेल त्या रात्री आवरणे सोडून दे, आणि दुसऱ्या दिवशी वीस मिनिटेही करू नकोस.

गौरीच्या वेळी घेतलेली वेताची टोपली पुढच्या खेपेस घेऊन येईन. तिला झाकण नाही, आणि ते नकोच. झाकण असले की वस्तू आतच राहून जातात.

तुझी,
आई