चेहरा भरला म्हणजे पावडर अंगी लागली?

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला जिम ट्रेनर महाशयांचा प्रोटीन पावडरवरचा लेख वाचला. दुपारी दुकान बंद असतं म्हणून निवांत दोनदा वाचला, आणि रात्रीपर्यंत डोकं शांत होईना म्हणून हे पत्र. लेखकाचे इन्स्टाग्रामवर किती लाख चाहते आहेत ते तुम्ही चौकटीत ठळक छापलंत. त्यांचं शिक्षण काय, हे छापायला मात्र जागा उरली नसावी.

बाकी लेख सोडून देतो. प्रोटीन घ्यावं की न घ्यावं यावर भांडायला मला वेळ नाही; व्हे म्हणजे शेवटी दुधाचीच पावडर. पण ‘तीन आठवड्यांत चेहरा भरला की समजायचं, पावडर अंगी लागली’ हे वाक्य तुमच्या उपसंपादकांच्या नजरेतून सुटलं कसं? तेवीस वर्षं मी औषधांचं दुकान चालवतोय. तीन आठवड्यांत चेहरा भरला, तर आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते स्टिरॉइडचं.

माझा सख्खा पुतण्या, वय एकवीस. गेल्या वर्षी पोलीस भरतीची तयारी करत होता. उंची पुरेशी होती, पण छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते आणि याची भरत होती ७७. दोन सेंटिमीटरसाठी पोरगं रडकुंडीला आलेलं. जिममधल्या ट्रेनरनं त्याला एक पावडरचा डबा दिला आणि सोबत बिनलेबलच्या बरणीत कॅप्सूल. ‘पूर्ण आयुर्वेदिक आहे, सकाळ-संध्याकाळ एकेक, केमिकल औषधालासुद्धा नाही.’ डब्यावर परवान्याचा नंबर, कंपनीचा पत्ता, सगळं होतं. बरणीवर काहीच नव्हतं. आणि घरात काका औषधवाला असताना पोरानं काकाला विचारलं नाही, कारण काका ‘नाही’ म्हणणार हे त्याला ठाऊक होतं.

पंधरा दिवसांत पाच किलो वजन वाढलं. घरात आनंदीआनंद. वहिनी म्हणाल्या, पोराला भूक लागायला लागली, रात्री उठून डब्यातल्या चपात्या खातो. गाल वर आले. ट्रेनरनं त्याचे दोन फोटो शेजारी-शेजारी लावून मोबाइलवर फिरवले, ‘आधी’ आणि ‘नंतर’. तुमच्या लेखात आहेत ना, अगदी तसलेच.

हे पाच किलो एकदा कागदावर मांडून बघा. अंगावर एक किलो चढायला ढोबळमानाने सात हजार कॅलरी लागतात, त्याही रोजच्या खर्चाच्या वर. पाच किलोचे झाले पस्तीस हजार, म्हणजे पंधरा दिवस रोज तेवीसशेच्या वर जादा. पावडरच्या एका चमच्यात मिळतात जेमतेम सव्वाशे. बाकीचं भरून काढायचं तर नेहमीच्या जेवणावर रोज चौदा-पंधरा भाकऱ्या जास्त खाव्या लागतील. आणि स्नायू म्हणाल, तर नव्यानं व्यायाम करणाऱ्या तरुणाला महिन्याला एखादा किलो चढला तरी पुष्कळ. मग हे पाच किलो आले कुठून? थोडी चरबी, आणि बरंचसं अंगात साठलेलं पाणी. फोटोत पाणी आणि स्नायू सारखेच दिसतात, म्हणून तर ही मंडळी फोटो दाखवतात. दंडाचा घेर टेपनं मोजून कुणी दाखवत नाही.

महिन्याभरानं गणपतीत मी त्याला पाहिलं. गाल वर आलेले, पण हातपाय तसेच काडीसारखे. पाठीवर पुरळ. शर्ट वर करायला लावला तर पोटाच्या कडेला जांभळट पट्टे, बाळंतिणीला येतात तसे. दिवसा पेंगायचा. आणि एक गोष्ट माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. पंगतीतून उठताना या भरतीवाल्या गड्यानं गुडघ्यावर हात टेकला. स्टिरॉइड मांडीचे आणि दंडाचे स्नायू खातं. ताकदीसाठी घेतलेल्या कॅप्सूलनं पायातली ताकद काढून घेतलेली, आणि आरशात मात्र पोरगं भरलेलं दिसतंय. सोळाशे मीटरचा वेळ वाढत चाललाय हे त्यानं नंतर कबूल केलं. ट्रेनरचं उत्तर होतं, ‘वजन वाढलं की आधी वेळ वाढतोच.’

वजन वाढवण्याच्या ‘हर्बल’ मालात दोन औषधं हमखास मिसळलेली सापडतात. एक डेक्सामेथासोन, दुसरं सायप्रोहेप्टाडीन. दुसरं हे मुळात ॲलर्जीचं औषध, पण त्यानं भूक वाढते आणि झोप येते. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड इतकं जोरदार, की त्याची अर्धा मिलिग्रॅमची चिमुकली गोळी म्हणजे आपलं शरीर दिवसभरात स्वतः जेवढं कॉर्टिसॉल, म्हणजे अंगचंच स्टिरॉइड, बनवतं साधारण तेवढा माल. कॅप्सूलमध्ये अश्वगंधा-शतावरीच्या भुकटीत अर्धा मिलिग्रॅम मिसळला तर रंग, वास, चव, कशावरूनही कळणार नाही. मलाही कळलं नसतं.

मी त्याला डॉक्टरकडे चल म्हटलं, तो हो म्हणाला आणि गेला नाही. पुढं ट्रेनर गावच्या यात्रेला गेला, दहा दिवस आला नाही, बरणी संपली. चौथ्या दिवशी पोराला उलट्या. पाचव्या दिवशी मोरीत उभा राहता-राहता कोसळला. गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी कॅप्सूलचं सांगितलंच नव्हतं. साताऱ्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा रक्तदाब ८०/५०. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रक्तातलं कॉर्टिसॉल तपासायला लावलं. या वेळेला ते सगळ्यांत जास्त असतं आणि ३ च्या खाली आलं की डॉक्टर खडबडून जागे होतात. याचं आलं १.१. बाहेरून रोज आयता माल येतोय म्हटल्यावर शरीरानं स्वतःचा कारखानाच बंद केलेला होता. तो सुरू व्हायला पाच महिने लागले, तोवर गोळ्या देऊन हळूहळू कमी कराव्या लागल्या. ग्राउंड चुकलं ते चुकलंच.

म्हणून वाचकांना एक सांगतो, कारण तुमचा लेख वाचून आज शंभर जण असल्या बरण्या घरात शोधत असतील. महिना-दोन महिने असलं काही घेतलेलं असेल तर भीतीनं एकदम फेकून बंद करू नका. बरणी हातात घेऊन डॉक्टरकडे जा. आमच्या पोरानं बरणीच्या तळाला राहिलेली भुकटीसुद्धा घाबरून मोरीत ओतली. त्यामुळे त्यात नेमकं काय होतं हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. लक्षणं आणि रक्ताचा रिपोर्ट एवढाच माझा पुरावा, आणि तेवढ्यावर ट्रेनर मोकळा फिरतोय.

आता ‘लॅब रिपोर्ट मागा’ या तुमच्या लेखकाच्या सल्ल्याविषयी. ट्रेनरनं मलाही मोबाइलवर रिपोर्ट दाखवला होता. मी तो शेवटपर्यंत वाचला. तपासलेल्या गोष्टी अशा: प्रोटीन, ओलावा, शिसं, आर्सेनिक. सगळं उत्तम. पण लॅब जे शोधायला सांगाल तेच शोधते. स्टिरॉइड शोधायचं तर वेगळं यंत्र, वेगळी तपासणी आणि वेगळे पैसे लागतात, आणि ते कुणी सांगितलंच नव्हतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की नमुना पार्टीनं स्वतः आणून दिला आहे आणि निकाल फक्त त्या नमुन्यापुरता आहे. म्हणजे कंपनीनं चांगला चमचाभर माल लॅबला दिला आणि तुम्हाला तिसराच दिला, तरी रिपोर्ट खराच. शिवाय तो डब्यातल्या पावडरचा होता, बरणीतल्या कॅप्सूलचा नव्हेच. चौदा आकडी एफएसएसएआय नंबरचंही तसंच. तो धंदा करायचा परवाना आहे, प्रत्येक डबा सरकारनं तपासल्याची पावती नाही. नंबर एफएसएसएआयच्या फॉस्कॉस पोर्टलवर टाकून नाव-पत्ता जुळतो का एवढं जरूर बघा. जुळला नाही तर माल नकली. जुळला म्हणून आत काय आहे ते कळत नाही.

‘मोठे खेळाडूही घेतात’ हे वाक्यही लेखात आहेच. घेतात, आणि फसतात. २०१० च्या आशियाई स्पर्धेत रिलेचं सुवर्ण आणणाऱ्या चौघींपैकी तिघी पुढच्याच वर्षी स्टिरॉइडमध्ये, स्नायू वाढवणाऱ्या दुसऱ्या जातीच्या, सापडल्या. त्यांचं म्हणणं होतं, परदेशी प्रशिक्षकानं दिलेल्या जिनसेंगमधून ते अंगात गेलं. आधी वर्षाची बंदी, मग लुझानच्या क्रीडा लवादानं ती दोन वर्षांची केली. राष्ट्रीय शिबिरातल्या मुलींना जे कळलं नाही ते आमच्या गल्लीतल्या पोराला कळावं, अशी तुमच्या लेखकाची अपेक्षा दिसते.

आणि जाता-जाता. ज्या पानावर हा लेख, त्याच पानाच्या तळाला जाहिरात आहे: ‘३० दिवसांत वजन वाढवा, हमखास, फोन करा.’ पत्ता नाही, परवाना नंबर नाही. गेल्या महिन्यात तुम्हीच चिठ्ठीशिवाय औषधं देणाऱ्या दुकानदारांवर चार कॉलम छापले होते. बरोबर छापलेत. माझ्याकडे डेक्सामेथासोनची नोंद आहे, बिल आहे, ड्रग इन्स्पेक्टर येऊन वह्या तपासतो. बरणीतून विकणाऱ्याकडे कोण जातं? त्याच्याकडे बिलच नाही, तर तक्रार तरी कशावर करायची?

अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे गिऱ्हाइकालाही फी भरून सरकारी विश्लेषकाकडून माल तपासून घेता येतो. फक्त विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. कुणीतरी ट्रेनरसमोर एकदा हे वाक्य म्हणून बघावं. बरणी परत कपाटात जाते की नाही ते मला कळवा.

आपला,
एक औषध विक्रेता, कराड
(नाव छापू नये. पुतण्या यंदा पुन्हा भरतीला उभा राहतोय.)

ता. क. पुरवणीतलं सुडोकू तिसऱ्या रविवारी परत चुकलं आहे. उजवीकडच्या खालच्या चौकोनात दोन सात आहेत.