कंत्राटदाराचा हिशेब मिटला, त्याबद्दल

पुणे

प्रिय सुहास,

फोनवर तू विचारलंस, "त्याला काढलंस, मग पैसे का दिलेस?" म्हणून सविस्तर लिहितो.

भांडण बाथरूमवरून पेटलं. बादलीभर पाणी ओतलं तर ते नहाणी ट्रॅपकडे जायच्या ऐवजी दाराच्या उंबऱ्याशी येऊन थांबायचं. नाण्याने टकटक केली की निम्म्या टाइल्स पोकळ वाजायच्या. ट्रॅपचं तोंड बंद करून 48 तास पाणी साठवलं, तर दुसऱ्या दिवशी खालच्या काकूंच्या छताला ओल आली. दुरुस्तीसाठी लेखी मुदत दिली, ती गेली तरी गडी फिरकला नाही. मग काम थांबवल्याचं पत्र दिलं आणि त्यातच मोजणीचा दिवस-वेळ कळवली.

मोजणी होईपर्यंत नव्या गवंड्याला हात लावू दिला नाही. एकदा फोडाफोड झाली की काय वाईट होतं हे सिद्ध कसं करणार? ओळखीचा सिव्हिल इंजिनिअर टेप घेऊन आला, कंत्राटदारही आला, तोंड वाकडं करूनच. उताराचे फोटो स्पिरिट लेव्हल ठेवून काढले, पोकळ टाइल्सवर खडूने फुल्या मारल्या. गोणीतलं सिमेंट आणि उरलेले टाइल्सचे बॉक्सही मोजले. शेवटी कागदावर तिघांच्या सह्या.

त्याचं म्हणणं, "साठ टक्के काम झालंय, अजून 60,000 द्या." टक्क्यांवर वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून करारातल्या दरानेच एकेक बाब धरली. तोडफोड, प्लंबिंग, हॉल आणि किचनच्या टाइल्स मिळून 1,92,000. त्याने आणलेला, वापरता येण्याजोगा माल 18,000. बाथरूमच्या टाइल्स आणि वॉटरप्रूफिंगला शून्य. ते सगळं उखडून राडारोडा टाकायचे 12,000 वजा. राहिले 1,98,000. आधी दिलेले 1,75,000, म्हणजे देणं 23,000.

तू म्हणालास तसा नव्या गवंड्याचा बाथरूमचा खर्चही कापता आला असता. पण त्या कामाला मी आधीच शून्य धरलंय. चांगल्या बाथरूमचे पैसे मला कोणालातरी द्यायचेच होते, तेही याच्याकडून कापले तर एकाच कामाचे दोनदा वजा होतात. हां, नवा माणूस करारापेक्षा जास्त दर लावतो आहे, तेवढा फरक मागता आला असता. तो मी सोडला. 60,000 वरून 23,000 वर आणताना त्यानेही काहीतरी गिळलंच ना!

पैसे बँकेतूनच दिले. आधी पावतीवर "पूर्ण व अंतिम हिशेब, यापुढे येणे बाकी नाही" असं लिहून घेतलं, आणि किल्ल्या परत. प्लंबिंगची प्रेशर टेस्ट मात्र नव्या माणसाकडून करून घेणार आहे. भिंतीआडचे पाइप मोजता येतात, पण गळतात की नाही ते मोजणीत दिसत नाही.

तुझ्या किचनचं काम सुरू व्हायच्या आधी करार मला पाठव, बाबींचे दर वेगवेगळे लिहिलेत का ते बघतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल