पट्ट्या चार, पॅरासिटामॉल एकच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरता सरता घराघरांत सर्दी-तापाचे पेशंट दिसू लागतात आणि आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एकच वाक्य ऐकू येतं, "ताई, सर्दीवर काहीतरी चांगलं द्या." मी फार्मासिस्ट आहे, औषधांचं दुकान चालवते. माझं म्हणणं त्या 'काहीतरी चांगलं'बद्दल आहे. लोक एक गोळी घेत नाहीत. सर्दीची वेगळी, तापाची वेगळी, अंगदुखीची वेगळी आणि खोकल्याचं सिरप, असा संच जमतो. पाकिटांचे रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या, म्हणून औषधंही वेगळी असणार अशी सगळ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात त्यातल्या निम्म्याअधिक पाकिटांत पॅरासिटामॉल असतं.

मागच्या हंगामातली एक गोष्ट सांगते. साठी ओलांडलेले, अंगाने किरकोळ असे एक काका बायकोबरोबर आले. तक्रार सर्दीची नव्हतीच. रात्रीपासून लघवीला जोर करावा लागतोय, तोंड कोरडं पडतंय आणि दिवसभर झापड येतेय, त्यावर काही द्या म्हणाले. काय काय चालू आहे असं विचारल्यावर काकूंनी पिशवी काउंटरवर उलटी केली. तीन अर्धवट कापलेल्या पट्ट्या, सेटिरिझिनचं एक पाकीट आणि खोकल्याच्या सिरपची बाटली. एक पट्टी डब्यात जुनी पडलेली, एक शेजाऱ्यांनी दिलेली, बाकी वेगवेगळ्या दुकानांतून आणलेलं. प्रत्येक पट्टीवरचा मजकूर वाचून मी कागदावर बेरीज मांडली.

सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, १० मिलिग्रॅम फेनिलेफ्रिन आणि २ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन. ती दिवसातून तीनदा चालू होती, म्हणजे पॅरासिटामॉल झालं १५००. तापाची ६५०ची गोळीही तीनदा, म्हणजे १९५०. अंगदुखीच्या गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि सोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, ती सकाळ-संध्याकाळ, म्हणजे ६५०. एकूण ४१०० मिलिग्रॅम. धडधाकट, भरल्या अंगाच्या माणसासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. वजन ५० किलोच्या आत असेल, यकृताचा आजार असेल, रोज दारू होत असेल किंवा आजारात चार दिवस पोटात नीट अन्न गेलं नसेल, तर ती आणखी खाली आणावी लागते. काकांचं वजन ५०च्या आतच होतं.

काकू म्हणाल्या, "पण अहो ताई, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा एकही गोळी जास्त दिली नाही मी." ते खरंच होतं. एकेक पाकीट आपापल्या मर्यादेत होतं, मर्यादा मोडली ती बेरजेने. आणि त्यांना बेरीज करायला कोणी सांगितलंच नव्हतं.

लघवीचं कोडंही तिथेच सुटलं. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन होतं, सिरपमध्येही तेच, आणि रात्री वर सेटिरिझिन. नाक सुकवणारी एकाच कुळातली औषधं तीन बाजूंनी पोटात जात होती. क्लोरफेनिरामिन हे या कुळातलं जुनं औषध. त्याने झापड येते, तोंड सुकतं आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. शिवाय काकांना बीपीची गोळी चालू. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकसवतं आणि आयबुप्रोफेन बीपीच्या बऱ्याच औषधांचा परिणाम कमी करतं. या दोन्हींचा बीपी असलेल्यांना त्रास होऊ शकतो. मी सगळं थांबवायला सांगितलं आणि त्यांना त्याच संध्याकाळी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सोबत पट्ट्या आणि तो बेरजेचा कागद दिला. पुढे यकृताची तपासणी ठीक आली, लघवीही मोकळी झाली.

एका दिवसात शंभर मिलिग्रॅम जास्त गेलं म्हणून कोणाचं यकृत लगेच निकामी होत नाही, उगाच कोणाला घाबरवायचं नाही. धोका असतो तो हे चार-पाच दिवस सलग चालण्यात, किंवा ताप उतरत नाही म्हणून त्यावर आणखी एक गोळी चढवण्यात. यकृत पॅरासिटामॉल पचवतं तेव्हा त्यातला थोडा भाग विषारी रूपात बदलतो आणि तो निकामी करायला ग्लुटाथिओन नावाचा साठा खर्ची पडतो. डोस मापात असेल तर साठा पुरतो. तो संपला की यकृताच्या पेशी मरू लागतात. यातला फसवा भाग असा की पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, किंवा नुसती मळमळ होते. तीही आपण तापाच्याच खात्यावर टाकतो. बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, गडद लघवी, डोळे पिवळे होणं हे सगळं नंतर. यावर ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण जास्तीचा डोस गेल्यापासून आठ तासांच्या आत मिळाला तर तो सर्वात गुणकारी. त्यामुळे मोठी चूक झाल्याचं लक्षात आलं तर बरं वाटत असलं तरी सगळ्या पट्ट्या घेऊन इस्पितळ गाठावं.

मग सर्दी-तापात घ्यायचं काय? माझं उत्तर लोकांना फार साधं वाटतं. मिश्रण असलेली गोळी बाजूला ठेवा आणि घरात पॅरासिटामॉलची एकच पट्टी ठेवा, ज्यात पॅरासिटामॉलशिवाय दुसरं काही नाही अशी. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही सगळी त्याचीच ओळखीची नावं, त्यामुळे एक असताना दुसरी आणू नये. प्रौढ माणसाने ताप किंवा अंगदुखी असेल तेव्हाच ५०० किंवा ६५०ची एक गोळी घ्यावी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवावं आणि दिवसात चारच्या वर जाऊ नये. ६५०च्या चार झाल्या तरी २६०० होतात. वजन कमी असेल किंवा यकृताचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून कमी. पट्टीवर पेनाने वेळ लिहून ठेवली तर घरात दोघं जण औषध देत असले तरी गोंधळ होत नाही.

नाकाचं नाकाला. मिठाच्या पाण्याचे थेंब दिवसातून कितीही वेळा चालतात. नाक अगदीच चोंदून झोप लागत नसेल तर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब रात्री घ्यावेत, पण तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे थेंब बंद केले की नाक आणखी चोंदतं आणि माणूस बाटलीला बांधला जातो. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे थेंबही विचारूनच. नाक पाण्यासारखं गळत असेल तर रात्री सेटिरिझिनची एक गोळी, पण ती घेत असताना क्लोरफेनिरामिन असलेलं सिरप नको. खोकल्याला कोमट पाण्यात मध, मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नाही. सर्दीची मिश्रणं तर लहान मुलांना आपल्या मनाने देऊच नयेत. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं पाकिटावर छापण्याचा आदेश आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच काढला आहे.

"पण त्या मिश्रणाने नाक मोकळं होतं ना?" असा प्रश्न हमखास येतो. पोटातून घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा नाकाला उपयोग होत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं आणि पुढच्या वर्षी ते अशा औषधांतून काढून टाकण्याचा प्रस्तावही त्या प्रशासनाने मांडला. म्हणजे नाकासाठी म्हणून गोळी घ्यायची, नाकाला फारसं काही मिळत नाही, आणि ताप नसतानाही दिवसाला दीड ग्रॅम पॅरासिटामॉल पोटात जातं. परदेशातून मुलांनी पाठवलेल्या टायलेनॉलच्या बाटल्याही हल्ली बऱ्याच घरांत असतात. त्यावर लिहिलेलं ॲसिटामिनोफेन म्हणजे हेच आपलं पॅरासिटामॉल, तेव्हा बेरजेत तेही धरावं.

याच दिवसांत डेंग्यूही असतो, म्हणून अंगदुखीच्या मिश्रणाबद्दल आणखी एक सांगते. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळायचं असतं, कारण रक्तस्राव वाढू शकतो. काकांच्या पिशवीत ते आयबुप्रोफेन केवळ शेजारधर्मापोटी आलेलं होतं. ताप तीन दिवसांपुढे गेला, धाप लागली, छातीत दुखलं, पोटात कळा आल्या, उलट्या थांबेनात किंवा ग्लानी आली तर मेडिकलमध्ये नाही, दवाखान्यात जावं. गरोदर बायका, दमा किंवा मधुमेह असलेले आणि वयस्कर लोक यांनी तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच जावं, कारण फ्लूवरचं औषध लवकर सुरू केलं तरच त्याचा खरा फायदा होतो.

आता मूळ तक्रार. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये नियम केला की औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन फाँट मोठं छापायचं. चांगला नियम आहे. पण तीन किंवा अधिक औषधांच्या मिश्रणाला त्यातून सूट दिली आहे. सर्दीच्या गोळ्या बहुतेक करून तीन-चार घटकांच्याच असतात, म्हणजे जिथे गरज जास्त तिथेच सूट! पट्टीच्या मागे बारीक इंग्रजीत यादी असते. त्यातून आम्ही दुकानदार चार गोळ्या कापून देतो तेव्हा यादी कधी उरलेल्या तुकड्यावर राहते. ब्रिटनमध्ये अशा पाकिटांवर 'यात पॅरासिटामॉल आहे' असं ठळक छापलेलं असतं. आपल्याकडेही मिश्रणाच्या प्रत्येक पट्टीवर, दर्शनी बाजूला, मराठीसह स्थानिक भाषेत तेवढी एक ओळ आणि मिलिग्रॅमचा आकडा हवा, तोही प्रत्येक गोळीच्या कप्प्यामागे, म्हणजे पट्टी कुठेही कापली तरी तो ग्राहकाबरोबर जाईल.

नियम बदलायला वेळ लागेल. तोवर दुकानदारांनी कापलेल्या गोळ्या ज्या कागदी पाकिटात घालतो त्यावर 'पॅरासिटामॉल ५००' असं पेनाने लिहून द्यावं. आमच्या दुकानात आता ते सुरू आहे, आणि "अगं, मग घरची ती तापाची गोळी नको का घेऊ?" असं विचारायला गिऱ्हाईक दारातून परत येतं.

आपली,
एक फार्मासिस्ट, सातारा