आजींच्या उरलेल्या गोळ्या कुणी मोजल्या?

प्रति,
संपादक

विषय : विद्यार्थी पुरवणीतील आरोग्यसेविकेच्या कथेबद्दल

महोदय,

आपल्या पुरवणीत आलेल्या कथेत सिस्टर गृहभेटीला जाते, आजींचा हात हातात घेते, आजी रडतात. एकटेपणा हेच खरं दुखणं असल्याचं कळतं आणि पुढच्या महिन्यात बीपी उतरतो. कथा वाचायला चांगली आहे. पण सुरुवातीलाच लेखकाने सांगितलंय की, तीन गोळ्या चालू असूनही आजींचा बीपी 168/94 आहे. त्या गोळ्यांचं पुढे काय झालं, हे कथेत कुणीच विचारत नाही. आम्ही सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकवतो. त्यामुळे आजी त्याच आणि घरही तेच ठेवून ही भेट कशी झाली असती, ते लिहितो.

कथेतली सिस्टर विचारते, "आजी, गोळ्या रोज घेता ना?" आजी म्हणतात, "घेते की." या प्रश्नाला दुसरं उत्तर मिळतच नाही. शेजारी मुलगा उभा असतो आणि गोळ्या फुकट देणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? म्हणून पिशवी खाली ठेवून (तिच्याखाली वर्तमानपत्र अंथरायचं असतं, हे आपल्याला आवडावं) हात धुतले की सिस्टरने म्हणावं, "आजी, गोळ्यांचा डबा दाखवा बरं." आणि मोजावं. समजा, महिन्याच्या 1 तारखेला प्रत्येकी 30 गोळ्या दिल्या होत्या आणि भेट 20 तारखेच्या संध्याकाळी आहे. प्रत्येकीच्या 10 उरायला हव्यात. अॅम्लोडिपिन 10 उरल्या, टेल्मिसार्टन 10 उरल्या, पण क्लोरथॅलिडोन 24. म्हणजे आजी विसरत नाहीत. विसरणाऱ्याच्या तिन्ही गोळ्या उरतात. या आजी एकच गोळी वेगळी काढून ठेवतात, आणि ती नेमकी लघवी वाढवणारी आहे. सहा दिवस घेतली, 14 दिवस नाही.

इथून पुढचा प्रश्न मुलासमोर विचारायचा नाही. "आजी, न्हाणी कुठंय, हात धुवायचेत" असं म्हणून त्यांच्यासोबत चालत जायचं. तेवढ्या चालण्यात पुष्कळ दिसतं. संडास परसात आहे, वाटेत दगड आहेत, पायरी फूटभर उंच आणि धरायला काही नाही. रात्री दिवा नाही. आजी खाटेवरून उठताना गुडघ्यावर हात रेटतात, दोन पावलं टाकून थांबतात. गोठ्यामागे दोरीवर जुन्या लुगड्याचे तुकडे वाळत घातलेत. पाण्याचा तांब्या खाटेपासून लांब आहे. मग हळूच विचारायचं, "संडासला पोचेपर्यंत लघवी थांबते का?" बहुतेक बायांना हे कुणी विचारलेलंच नसतं, त्यामुळे उत्तर लगेच येत नाही. सिस्टरने घाई करू नये. आणि "वयानं होतंच" असं तर मुळीच म्हणू नये, कारण मग ते बोलणं तिथंच संपतं.

उत्तर साधारण असं निघतं : वाटेतच लुगडं भिजतं, सून शेतावर असते, धुणं लपवावं लागतं. म्हणून बाजाराला किंवा भजनाला जायचं त्या दिवशी ती गोळी नाही. पुढे तर दुपारनंतर पाणीच नाही. कमी पाण्याने लघवी दाट होते, जळजळते, शौच घट्ट होतं आणि घट्ट शौच मूत्राशयावर दाब आणतं. म्हणजे आजींनी शोधलेल्या उपायाने त्रास वाढतोच. कथेतला एकटेपणा खरा असेलही, पण आजी घराबाहेर का पडत नाहीत याचं कारण दोरीवर वाळतंय.

आता बीपी. आजींना पाच मिनिटं आडवं करून मोजायचा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. समजा, आडवं असताना 162/90 आणि उभं राहिल्यावर 138/82. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर ती धोक्याची खूण आहे. इथे तो 24 ने उतरलाय. सिस्टरने नुसतं "बीपी जास्त, गोळ्या नियमित घ्या" असं लिहिलं आणि मुलाने उद्यापासून तिन्ही गोळ्या समोर बसून गिळायला लावल्या, तर पाणी न पिणारी ही बाई रात्री परसात जाताना चक्कर येऊन पडेल. खुब्याचं हाड मोडण्याचे प्रसंग असेच घडतात. चौथी गोळी वाढवली तर आणखी वाईट. आणखी एक गोष्ट. उपकेंद्रावर रांगेत लघवी दाबून बसलेल्या माणसाचा वरचा आकडा दहाएक अंकांनी जास्त येऊ शकतो. मिश्री लावून आल्या असतील तरी चढतो. 168 मध्ये हेही थोडं असू शकतं.

सिस्टर गोळी स्वतः बंद करत नाही आणि बदलतही नाही. उरलेल्या गोळ्यांचा हिशेब, आडवा-उभा बीपी आणि लघवीची तक्रार लिहून ती त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवते. पट्टीने लघवी तपासते, कारण जंतुसंसर्ग किंवा साखर निघाली तर उपचार वेगळा. गोळी सकाळी घ्या, एवढ्याने इथे फार फरक पडत नाही. क्लोरथॅलिडोनचा परिणाम दिवसापेक्षा जास्त टिकतो. ही गोळी ठेवायची की बदलायची हे डॉक्टर ठरवतात, आणि रक्तातलं सोडियमही पाहतात, कारण म्हातारपणी या गोळीने ते उतरू शकतं.

घरात करायचं ते साधं आहे. हृदयाचा किंवा किडनीचा विकार नसेल तर सहा-सात भांडी पाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाटून प्यायचं, झोपण्याआधीचे दोन तास कमी. लघवी लागो न लागो, दर दोन तासांनी जाऊन यायचं. लघवी रोखताना आवळतो तेच स्नायू पाच सेकंद आवळून पाच सेकंद सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. याचा गुण यायला दीड ते तीन महिने लागतात, हे आधी सांगितलं नाही तर आठवड्यात सोडून दिलं जातं. फूटभराची पायरी मधे एक पायरी घालून निम्मी करायची, बाजूला लोखंडी पाइप लावायचा आणि रात्रीसाठी खाटेजवळ कमोड खुर्ची. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील, वार्षिक दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना अशा साधनांसाठी एकदा 3000 रुपये देण्याची तरतूद आहे आणि तिच्या यादीत कमोड खुर्ची आहे. अर्ज भरून देणं हाही भेटीचाच भाग. मात्र खुर्ची दारातच ठेवली तर आजी ती वापरणार नाहीत. आडोसा कुठे करायचा हे सुनेला विचारूनच ठरवावं लागतं.

पंधरा दिवसांनी दुसरी भेट. तेव्हा आधी डबा मोजायचा, मग आडवा-उभा बीपी, आणि चक्कर येते का हा प्रश्न. आकडा तेव्हा उतरलेला नसेल तरी चालेल. कथेत तो महिन्याभरात उतरतो, तेवढा मोह लेखकाने टाळायला हवा होता.

कथा पुन्हा छापणार असाल तर सोबतचं चित्रही बदलावं. त्यात बीपीचा पट्टा पोलक्याच्या बाहीवर बांधलाय आणि आजींचा हात खाली लोंबतोय. हात असा खाली असला की आकडा खोटाच वाढतो. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, पाठीला आधार आणि पाय जमिनीवर, असं चित्र हवं.

आपले,
सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकवणारे काही वाचक, सातारा जिल्हा