हातात ९६ हजार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

गाडीच्या कर्जाच्या कागदाचे फोटो मिळाले. अक्षर इतकं बारीक की मोबाइलवर बोटांनी ताणून ताणून वाचावं लागलं. पतसंस्थेत सव्वीस वर्षं असेच कागद लोकांपुढे सरकवले, "इथे सही करा" म्हणत. आता मुलाच्या सहीची वेळ आली म्हणून वहीत तोच कागद आपल्या भाषेत उतरवायला बसलो.

कागदातलं पहिलं वाक्य असं: "मंजूर रक्कम रु. १,००,०००, व्याजदर १२% द.सा.द.शे. (फ्लॅट), परतफेड २४ समान मासिक हप्त्यांत, प्रक्रिया शुल्क २% अधिक जीएसटी व विमा हप्ता रु. १,६४० वितरणाच्या वेळी वजा करण्यात येईल." मी उतरवलं: "एक लाखाचं कर्ज. दोन वर्षं दरमहा ५,१६७ रुपये." आईला वाचून दाखवलं. तिने भाजी निवडता निवडता विचारलं, "पण त्याच्या हातात किती येणार?" वाक्य छोटं झालं होतं, पण नेमकं तेच त्यातून गळलं होतं. मग पुन्हा लिहिलं:

"तुला ९६,००० रुपये मिळतील. फीचे २,३६० आणि विम्याचे १,६४० कंपनी आधीच कापून घेईल. तू २४ महिन्यांत एकूण १,२४,००० च्या आसपास भरशील. म्हणजे हे कर्ज तुला २८,००० रुपयांना पडेल."

आता त्या "फ्लॅट" शब्दाकडे ये. सगळी गोम तिथे आहे. दर महिन्याला तू थोडं मुद्दल फेडत जाणार, शेवटच्या महिन्यात तुझ्याकडे जेमतेम पाच हजार उरलेले असणार. तरीही व्याज मात्र पूर्ण लाखावरच, दोन्ही वर्षं, १२,००० अधिक १२,०००. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं, जसं बँका गृहकर्जाला धरतात, तर हाच हप्ता साधारण साडेएकवीस टक्क्यांचा होतो. त्यात कापलेले चार हजार धरले की जवळपास २६ टक्के. "१२% फ्लॅट" हे खोटं नाही रे, पण बँकेच्या १४ टक्क्यांशेजारी ठेवलं की स्वस्त दिसतं. म्हणून माझ्या वहीत १२ हा आकडा मी लिहिलाच नाही.

दंडाच्या कलमावर मी पहिल्यांदा लिहिलं, "उशीर झाला तर दंड पडेल." हेही गुळमुळीतच. आता असं आहे: "५ तारखेला खात्यात ५,१६७ रुपये नसतील तर हप्ता परत जाईल. कंपनी त्याचे ५०० घेईल, उशिराचे महिन्याला ३ टक्के म्हणजे १५५ वेगळे, आणि तुझी बँकही आपला आकार कापेल." तुझा पगार ७ तारखेला होतो ना? मग हप्त्याची तारीख १० करून घे, सहीच्या आधी.

मुदतीआधी फेडायचं कलम तर तिसऱ्या पानाच्या तळाशी आहे. "बारा हप्ते भरल्यावर अजून सुमारे ५५,३०० रुपये बाकी असतील. तेव्हा कर्ज बंद केलंस तर ४ टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे वर २,६०० च्या पुढे." निम्मी मुदत संपून निम्म्याहून जास्त बाकी कशी, असं तुला वाटेल. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, म्हणून.

एक वाक्य मात्र मला सोपं करताच आलं नाही: "कंपनी आपल्या विवेकानुसार वेळोवेळी आकारांत बदल करू शकेल." याचं प्रामाणिक रूप एवढंच, "कोणता आकार किती वाढेल हे या कागदात नाही." असं वाक्य सापडलं की तिथे खूण कर आणि काउंटरवरच विचार.

त्यांच्याकडून 'की फॅक्ट स्टेटमेंट' माग. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते सक्तीचं केलंय, आणि ते तुला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. माझा २६ त्याच्याशी ताडून बघ. त्यात नसलेला आकार तुझ्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. शिवाय ते हातात पडल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, तेव्हा "ऑफर आज रात्रीपर्यंतच" म्हणणाऱ्या पोराला हसून चहा पाज.

विमा ऐच्छिक आहे का, तेही विचार. गाडीचा विमा वेगळा, हा कर्जाचा.

वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवतोय. आई म्हणते, हेल्मेटचे पैसे या हिशेबात कुठे आहेत.

तुझा,
बाबा