दादरच्या कॅसेटवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डाव्या पायातली ताकद गेली. फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितलं, ठेका स्पष्ट ऐकू येईल अशा गाण्यावर घरात चालवा, म्हणजे पावलं एकसारखी पडायला मदत होईल. तेव्हापासून मी गाणी शोधत होतो. मित्रांच्या ग्रुपवर विचारलं तर प्रत्येकाने आपलं आवडतं पाठवलं: 'हे ऐकव, एकदम फ्रेश वाटेल!' मॉलमधल्या मोठ्या दुकानात मुलाने गायक कोण, पिक्चर कोणता, एवढंच विचारलं, आणि दोन्ही सांगता येईना म्हटल्यावर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. माणूस चालणार कसा, हे कुणीच विचारलं नाही. त्या जोशाच्या गाण्यांत मिनिटाला एकशेवीसच्या आसपास ठोके असायचे. धडधाकट माणूस झपझप चालतो, त्या गतीचे. बाबा पहिल्याच ओळीला अडखळायचे आणि भिंत धरायचे. मला रडू यायचं.

तुमच्याकडे मी म्हणालो, "वडिलांना चालायला गाणी हवीत, उत्साही." दुकानात स्पीकरवर भावगीत लागलेलं, बाहेर दादरची संध्याकाळची गर्दी. तुम्ही हात लांब करून ते गाणं बंद केलंत आणि म्हणालात, "आता ते जसे चालतात तसं चालून दाखवा." दोन गिऱ्हाइकं उभी असताना मी त्या अरुंद जागेत बाबांसारखा चाललो. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत काउंटरवर बोटाने माझं एकेक पाऊल वाजवलंत. पंधरा सेकंदांत चौदा. म्हणजे मिनिटाला छप्पन्न. गाणी विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या बापाची पावलं ऐकण्यासाठी स्वतःचं गाणं थांबवलं, काका. हे आठवलं की अजून घसा दाटतो.

मग तुम्ही एकेक गोष्ट विचारत गेलात. त्यांना ठोका ढोलकीचा लवकर कळतो की तबल्याचा? व्हायोलिन, बासरी लांबट वाजत राहतात, त्यात पाऊल नेमकं कुठे टाकायचं ते सापडत नाही, म्हणून ती मागे असली तर चालतील, पुढे नकोत, हे तुम्हीच सांगितलंत. सुरुवातीला तालाशिवाय ओळ गायलेली गाणी बाजूला काढलीत, कारण ठेका सुरू होईपर्यंत माणूस एका पायावर ताटकळतो. मधेच लय वाढते तीही काढलीत. आणि 'उत्साही'चा अर्थ जलद नव्हे, संथ गाणंही हसरं असतं, हे म्हणताना दोन गाण्यांचे मुखडे गुणगुणून दाखवलेत. मित्रांनी संथ म्हणून पाठवलेली सगळी विरहाची होती.

सगळ्यात मोलाची गोष्ट दादऱ्याची. दादरा ताल सहा मात्रांचा, तीन-तीनचा. प्रत्येक मात्रेला पाऊल टाकलं तर जोराचा ठोका एकदा डाव्या पायावर येतो, पुढच्या वेळी उजव्यावर. केरवा आठ मात्रांचा, चार-चारचा, त्यात जोर दर वेळी त्याच पायावर पडतो. "डावा पाय दुबळा आहे ना? मग केरवाच घ्या, आणि जोराच्या ठोक्याला डावा टाकायला सांगा." मी हे घरी करून बघितलं. दादऱ्यात बाबा गोंधळले. केरव्यात दुबळा पाय वेळेवर उचलला गेला.

एकशेसोळा ठोक्यांच्या गाण्यावर एक सोडून एक ठोका धरला तर अठ्ठावन्नच होतात, असं मी सुचवलं, तेव्हा तुम्ही मान हलवलीत. आपल्याला जमेल, पण मधले ठोके त्यांना ओढतील, असं म्हणालात. घरी तेच झालं, मधल्या ठोक्यावरही त्यांचा पाय उचलला जायला लागला.

तुम्ही बिलाच्या पाठीमागे गाण्यांची यादी लिहून दिलीत, पैसे मात्र एकाच सीडीचे घेतलेत. ताईंनी यादी बघितली आणि त्यातलं सत्तावन्न ठोक्यांचं गाणं पहिल्यांदा लावलं. घरातल्या बोळात, शिवणयंत्रापासून देवघरापर्यंत, बाबा भिंतीला हात न लावता गेले. नंतर गाण्याची लय थोडी थोडीच वाढवत गेलो. आता ते चौसष्टवर आहेत.

मित्रांनाही आता मी तसंच सांगतो: मिनिटाला इतके ठोके, केरवा, ढोलकी पुढे, सूर हसरा, तालाशिवाय सुरुवात नको. परवा एकाने अगदी जुळणारं गाणं पाठवलं.

बाबांना आता पेटी वाजणारी गाणी हवी आहेत, सत्तर ठोक्यांच्या आसपासची. शनिवारी त्यांना रिक्षाने घेऊन येतो. या वेळी चालून तेच दाखवतील.

तुमचा ऋणी,
एक गिऱ्हाईक