बाबांसाठी फ्रीजरमधला भात

टोकियो

ती. आई-बाबांस, सा. न. वि. वि.

आई, ताईच्या बाळंतपणासाठी तू नाशिकला जाणार आणि तेवढे दिवस बाबांच्या जेवणाचं काय, हा तुझा घोर फोनवर ऐकला. पोळ्यांना बाई आहेत, आमटी बाबा स्वतः करतात, अडतं ते भाताशी. एका माणसासाठी कुकर लावायचा त्यांना कंटाळा. म्हणून तू विचारलंस, मी इथे फ्रीजरमधला भात खाते तो नेमका कसा करते. फोनवर अर्धवट सांगितलं, ते आता नीट लिहिते.

इथे जपानमध्ये ही घरोघरची रीत आहे. भात एकदम जास्त लावायचा, गरम असतानाच एकेका वाडग्यापुरता बांधायचा आणि फ्रीजरमध्ये टाकायचा. त्यासाठीचे चपटे डबेसुद्धा दुकानात मिळतात. यांचा तांदूळ आपल्या आंबेमोहोरासारखा चिकट, त्यामुळे पुन्हा गरम केल्यावर मऊ राहतो. आपल्याकडे इंद्रायणी वापरलास तर तसाच होईल. कोलमचा थोडा टणक लागतो. तो करायचा असेल तर पाणी नेहमीपेक्षा चमचा-दोन चमचे जास्त घाल.

तुझी शंका अशी होती की इतके दिवस ठेवलेला भात बाधणार नाही का. आई, भात बाधतो तो फ्रीजरमध्ये नाही, फ्रीजरमध्ये जायच्या आधी. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू बीजरूपात असतात आणि ती बीजं कुकरच्या शिट्ट्यांनाही दाद देत नाहीत. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ती रुजतात, जिवाणू वाढतात आणि त्यातले काही भातात विष सोडतात. ते विष उष्णतेने मोडत नाही. म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी कितीही कडकडीत फोडणी दे, विष असेल तर ते तसंच राहतं. खाल्ल्यावर तास ते पाच-सहा तासांत उलट्या सुरू होतात. भाताला वास येईलच असंही नाही. तू म्हणशील, आपण जन्मभर शिळ्या भाताला फोडणी देऊन खाल्ली. खरं आहे, दर वेळी बाधत नाही. पण बाबांचं वय आणि घरात एकटे, तेव्हा तो जुगार नको. आणि गारठवल्याने जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. आधी तयार झालेलं विषही जात नाही. म्हणून रात्रीचा उरलेला भात सकाळी फ्रीजरमध्ये टाकण्यात काही अर्थ नाही.

तेव्हा सगळी घाई कुकर उतरल्यापासून. वाफ जिरली की लगेच झाकण काढ. बंद कुकरात भात दुपारपर्यंत कोमट राहतो, तीच सर्वांत वाईट जागा. दोन वाट्या तांदळाचा भात बाबांच्या साधारण पाच मुदी होईल. एकेक मूद चपट्या डब्यात घाल, थर दोन बोटांपेक्षा जाड नको, आणि दाबू नकोस. दाबलेला भात मधून लवकर गार होत नाही आणि पुढे मधून लवकर गरमही होत नाही. वाफ थोडी आत राहू दे, ती गरम करताना उपयोगी पडते. झाकण नुसतं टेकवून डबे पंख्याखाली सुटे सुटे मांड. हाताला गरम लागेनासे झाले की झाकण घट्ट लावून फ्रीजरमध्ये. शिजल्यापासून तासाभरात हे उरकायचं. ब्रिटनची अन्नसुरक्षा संस्था तासाभराचीच मुदत सांगते, अमेरिकेत दोन तास चालवून घेतात. आपल्याकडचा उन्हाळा बघता तू तासाचीच धर. डबे पहिल्यांदा स्टीलच्या ताटात ठेव, एकावर एक नकोत. धातूमुळे गारवा पटकन उतरतो. गोठले की मग रचून ठेवले तरी चालतात.

फ्रीजरऐवजी खाली फ्रीजमध्ये ठेवला तर? एक दिवस चालेल, पण चवीला वाईट. भातातला स्टार्च सर्वांत लवकर टणक होतो तो नेमका फ्रीजच्या गारव्यात. पटकन गोठवला तर ते होणं जवळजवळ थांबतं. म्हणून दोन दिवस फ्रीजमध्ये राहिलेल्या भातापेक्षा तीन आठवडे गोठलेला भात मऊ लागतो.

किती दिवस टिकतो? उणे १८ अंशांवर दगडासारखा गोठलेला असेल तर बाधण्याच्या दृष्टीने मुदत नाही. चव मात्र महिनाभर चांगली. पुढे कडेची शितं पांढरी, कोरडी दिसायला लागतात. ती खाल्ली तर काही होत नाही, नुसती चामट लागतात. डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिही. हे सगळं आपल्या दोन दारांच्या फ्रिजबद्दल. शेजारच्या काकूंकडे एका दाराचा, आत बर्फाचा कप्पा असलेला आहे; त्यात इतका गारवा टिकेलच असं नाही, त्यांना महिन्याचा हिशेब सांगू नकोस.

वीज गेली तर बाबा, दार उघडून बघत बसू नका. गच्च भरलेला फ्रीजर बंद राहिला तर साधारण दोन दिवस गार राहतो, अर्धा भरलेला एक दिवस. एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. घरी नसताना वीज जाऊन आली आणि नाणं तळाशी गेलेलं दिसलं, तर मधल्या वेळात सगळं वितळलं होतं असं समजा आणि भात टाकून द्या.

आता गरम करणं. सकाळी डबा ओट्यावर काढून ठेवायचा नाही, जेवायला बसताना सरळ फ्रीजरमधून मायक्रोवेव्हमध्ये. डबा फ्रीजर आणि मायक्रोवेव्ह दोन्हींना चालणारा हवा, स्टीलचा नाही. वरून चमचाभर पाणी शिंपडा, झाकण सैल ठेवा. एका मुदीला ६०० वॅटवर तीन मिनिटं, ८०० वर सव्वादोन-अडीच. पण सलग नाही: दीड मिनिटानंतर काढून गोळा काट्याने मोडा, खालचा भात वर करा, मग उरलेला वेळ. कडा चटका देतात आणि मध्ये बर्फाचा खडा राहतो, हे मायक्रोवेव्हचं नेहमीचं. शेवटी मिनिटभर झाकून ठेवा, मग मधोमध चमचा घालून उचला. तिथूनही भसाभस वाफ आली पाहिजे; आतून ७५ अंशांपर्यंत जायला हवा. नुसता कोमट असेल तर आणखी अर्धा मिनिट.

मायक्रोवेव्ह बंद पडला तर इडलीपात्रात चाळणीवर भात ठेवून झाकण लावा, दहा-बारा मिनिटं वाफवा आणि मधून एकदा हलवा.

एकदा गरम केलेला भात पुन्हा फ्रिजमध्ये नाही, पुन्हा गरमही नाही. बाबा, तुम्हाला अन्न टाकवत नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच डबे लहान भरायला सांगितले. भूक कमी असेल त्या दिवशी काढूच नका, पोळीवर भागवा. दहीभात हवा असेल तर भात आधी पूर्ण गरम करा, ताटात पसरून जरा निववा आणि दही घालून लगेच खा. फोडणीचा भातही याच डब्यातून होतो, आधी वाफ येऊ द्यायची आणि मग कढईत.

आई, निघायच्या आधी एक कुकर लावून पाच डबे भरून ठेव. त्यातला एक तू असतानाच बाबांना गरम करायला लाव, म्हणजे आपल्या मायक्रोवेव्हला किती मिनिटं लागतात ते कळेल. तो आकडा फ्रिजच्या दारावर चिकटव. ताईला माझा फोन शनिवारी येईल म्हणून सांग.

तुमची,
मेघा